पावसाळी पिकअपची कॅप्शन: आधी ड्रायरचा हिशेब, मग शब्द

प्रश्न: धुळ्यात देवपूरला आमची लॉन्ड्री आहे. 15 किलोचा एक ड्रायर आहे, ड्रायक्लीनचे कपडे बाहेरच्या प्लांटला जातात, गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. पावसाळ्यासाठी घरून फुकट पिकअप आणि किलोच्या धुलाईवर 20 टक्के सूट द्यायची आहे. दर 80 रुपये किलो. कॅप्शनमध्ये ‘48 तासांत परत’ लिहू का? आणि कपडा खराब झाला तर काय, ते किती लिहायचं? कोणी अनुभवी माणसाने चांगली कॅप्शन सुचवावी.

उत्तर:

भाऊ, कॅप्शन खाली देतो, पण ‘48 तास’ लिहू नका. जळगावात या धंद्यात मला चोवीस वर्षं झाली आणि आयुष्यातली सगळ्यात महागडी ओळ मी स्वतःच लिहिलेली आहे: ‘24 तासांत धुऊन, वाळवून, घरपोच’. जुलै महिना, झड लागलेली. पहिल्या दोन दिवसांत इतक्या पिशव्या आल्या की तिसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यातच दुपारी चार तास लाईट गेली. धुतलेले कपडे पाणी पिळणाऱ्या हायड्रोमधून काढून टोपल्यांत तसेच पडले आणि संध्याकाळी सगळ्या दुकानाला कुबट वास सुटला. निम्मे कपडे दुसऱ्यांदा धुतले, तेही फुकट. दोन गिऱ्हाइकं गेली ती परत आली नाहीत. कपडा एकही फाटला नव्हता, जळला नव्हता. फक्त ओळ चुकली होती.

म्हणून शब्दांच्या आधी हिशेब करू. पावसाळ्यात लॉन्ड्रीचा वेळ धुण्यात जात नाही, वाळवण्यात जातो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात कडक होतो, श्रावणात तोच टॉवेल दोन दिवसांनीही हाताला गार लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात तुमची क्षमता वॉशिंग मशीन ठरवते आणि पावसाळ्यात ड्रायर. मशीन कितीही मोठं असलं तरी ड्रायरमधून जेवढं बाहेर पडेल, तेवढंच तुमचं.

तुमच्या ड्रायरवर 15 किलो लिहिलंय, पण तेवढे कपडे त्यात कोंबू नका. आत कपडे मोकळे उडायला हवेत, नाहीतर मधला गोळा ओला राहतो आणि बाहेरचे कपडे करपतात. दोन तृतीयांश भरा, म्हणजे 10 किलो धरा. कोरड्या हवेत ही खेप चाळीस मिनिटांत निघते. पावसाळ्यात ड्रायर बाहेरची जी हवा ओढतो तीच दमट असते, म्हणून भरणं-काढणं धरून तास लागतो. दुकान सकाळी 9 ते रात्री 8, म्हणजे अकरा तास. त्यातले दोन तास लाईट जाण्यात, जाळीवरचं लिंट काढण्यात आणि एखाद्या जाड गोधडीत जातील. राहिल्या नऊ खेपा, म्हणजे दिवसाला 90 किलो.

आता तुमचं रोजचं ठरलेलं काम किती ते मोजा. मी उदाहरणाला 55 किलो धरतो. उरले 35. त्यातले 5 किलो दुसऱ्यांदा धुवायला लागणाऱ्या कपड्यांसाठी बाजूला ठेवा, पावसाळ्यात ते लागतातच. म्हणजे ऑफरसाठी तुमच्या हातात दिवसाला 30 किलो आहेत. एका घरातून पाच किलोची पिशवी आली तर सहा घरं. ही तुमची खरी ऑफर: रोज सहा घरं.

ही मर्यादा न लिहिता नुसती सूट जाहीर केली आणि रविवारी वीस फोन आले, तर 100 किलो एका दिवसात येतील. 30 च्या गतीने ते उरकायला तीन दिवसांहून जास्त लागतील, आणि तोवर सोमवारच्या, मंगळवारच्या पिशव्या मागे उभ्या असतील. विसाव्या माणसाचा ‘भाऊ, कपडा कव्हय भेटतीन?’ असा फोन सुरू झाला की तुमचा माणूस कपडे अर्धवट ओले काढू लागतो. सगळी बिघाडी तिथून सुरू होते.

तिथे जरा थांबतो, कारण पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या अर्धवट ओल्यात असतं. ड्रायरमधून काढलेला गरम कपडा हाताला कोरडा वाटतो, पण तो फसवतो. नव्या पोराला मी सांगतो, कपडा काढ, टेबलावर पसर, दहा मिनिटं थंड होऊ दे, मग तपास. आणि मधोमध हात लावू नको, तिथे तो वाळलेलाच असतो. जीन्सच्या कमरेची दुहेरी पट्टी, खिशाची आतली पिशवी, शर्टाची कॉलर, ब्लाऊजची काखेतली शिलाई, हे सगळं मुठीच्या मागच्या बाजूने तपास. गार लागलं की ओल आहे. असा कपडा घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला की आतली ओल पिशवीभर पसरते. दुसऱ्या दिवशी वास येतो आणि चार-पाच दिवस तसाच राहिला तर शिलाईवर बुरशीचे काळे ठिपके दिसायला लागतात. वास आल्यावर वरून अत्तर मारून काही होत नाही, तो कपडा गरम पाण्यात पुन्हा धुवावाच लागतो, आणि गरम पाणी न चालणारा कपडा असेल तर मग खेळ संपला. पावसात भिजू नये म्हणून मी डिलिव्हरी प्लास्टिकच्या पिशवीतूनच नेतो, पण घरात शिरताच पिशवी काढून घ्या, असं सांगतो. हे वाक्य कॅप्शनमध्ये नको, पावतीवर असू द्या.

आता वेळ कशी लिहायची. तासांत लिहिलं की भांडण होतं. सकाळी 11 ला नेलेली पिशवी परवा 11 ला हवी, असं गिऱ्हाईक म्हणणार, आणि ते बरोबरच म्हणणार. दिवसांत लिहा, आणि तेही ‘तिसऱ्या दिवशी संध्याकाळी’ असं. सोमवारी नेलं की बुधवारी संध्याकाळी. त्यात गरज पडली तर ड्रायरची एक रात्रपाळी निघते आणि लाईट गेली तरी सावरता येतं. इस्त्री हवी असेल तर आणखी एक दिवस घ्या, कारण ओल राहिलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की घडी बसते, पण वासही त्या घडीत बसतो.

ड्रायक्लीनचा वेळ तुमच्या हातात नाही, गाडीच्या हातात आहे. मंगळवारी सकाळी गाडी गेल्यावर संध्याकाळी एक कोट आला असं धरा. तो शुक्रवारी जाईल, पुढच्या मंगळवारी परत येईल, तपासून प्रेस करून बुधवारी देता येईल. नेलेला दिवस पहिला धरला तर हा नववा दिवस. आता कोट भिजलेला आला असं धरा. सोमवारी संध्याकाळी नेला, मंगळवारी सकाळी गाडी उभी राहिली तेव्हा तो अजून ओलाच आहे. ओला कपडा ड्रायक्लीनच्या मशीनमध्ये घालू नये. ड्रायक्लीनच्या रसायनात, म्हणजे सॉल्व्हंटमध्ये, पाणी मिसळलं की लोकर आटते, रंग सुटतो आणि सॉल्व्हंटमधली घाण परत कपड्यावर बसते. त्यामुळे तो सावलीत हवेला टांगून वाळवावा लागतो, गाडी चुकते, शुक्रवारी जातो, मंगळवारी येतो, बुधवारी तयार होतो. दहावा दिवस. म्हणून ड्रायक्लीनला सरळ ‘दहाव्या दिवशी’ लिहा. सातव्या दिवशी दिलं तर गिऱ्हाईक खूश होतं, सातव्याचं दहाव्यावर गेलं तर चिडतं, दिवस मात्र तेच.

एका आठवड्याची मात्र काळजी घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा सण असतो आणि त्याआधी घरोघरीच्या चांगल्या साड्या बाहेर निघतात. दहा दिवसांचं गणित त्या रविवारपासून उलटं मोजा आणि ‘कानबाईच्या साड्या अमुक वारापर्यंतच घेऊ’ असं वेगळं स्टेटस टाका. मुख्य कॅप्शनमध्ये ते नको.

आता वजनाचा मुद्दा. हा फारसा कोणी लिहीत नाही, पण पावसाळी पिकअपमधला सगळ्यात मोठा वाद तिथेच होतो. जुलैमध्ये लोकांना धुऊन नको असतं, वाळवून हवं असतं. घरच्या मशीनमध्ये धुतलेले, दोन दिवस दोरीवर लोंबलेले, वास यायला लागलेले कपडे तुमच्याकडे येतील. कोरडे असते तर 5 किलो भरले असते असे कपडे घरच्या मशीनमधून पिळून काढल्यावर साडेसात किलोपर्यंत भरतात, सुती कपडा पाणी धरून ठेवतो ना. तुमच्या दराने 5 किलोचे 400 रुपये होतात, साडेसात किलोचे 600. म्हणजे दारात ओली पिशवी काट्याला लावली तर गिऱ्हाइकाने 200 रुपये पाण्याचे दिले. तुमची 20 टक्के सूट 400 वर 80 रुपयांची! त्या घरातल्या वहिनींना हे एकदा कळलं की गल्लीभर कळतं. म्हणून दारात फक्त नग मोजा, आणि वजन दुकानात वाळल्यावर करून त्याचा फोटो पाठवा. ‘वजन वाळल्यावर’ हे दोन शब्द कॅप्शनमध्ये हवेतच. माझ्या मते तुमच्या सुटीपेक्षा हे दोन शब्द जास्त गिऱ्हाईक आणतील. जमलं तर ‘फक्त वाळवून’ असा वेगळा, कमी दरही ठेवा, पण वास आलेला कपडा त्यात घेऊ नका. तो नुसता वाळवला तर वास तसाच राहतो आणि बोल तुम्हाला लागतो.

आता नुकसानीचं. बहुतेक पावत्यांवर छापलेलं असतं, ‘कपडा हरवल्यास किंवा खराब झाल्यास दुकान जबाबदार नाही’. ते काढून टाका. एक तर ते वाचून कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरं, पावतीवर छापलं म्हणून जबाबदारी सुटत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली कमतरता आणि अन्याय्य करार या दोन्हींची दखल आहे, बिल न देणं हीच त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सेवा सदोष निघाली तर ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा. ‘अटी लागू’ असं बारीक लिहून सुटायचा मार्गही बंद होत चाललाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या जाहिरातींविषयीच्या सूचनांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे आणि त्याने दावा खोटा ठरता कामा नये. म्हणजे वर मराठीत ‘फुकट पिकअप’ आणि खाली बारीक इंग्रजीत ‘फक्त 500 रुपयांच्या वर’, हे चालणार नाही. किमान रक्कम असेल तर ती ‘फुकट’च्या शेजारीच लिहा.

पण म्हणून प्रत्येक डाग अंगावर घेऊ नका. मी नुकसानीचे मनात दोन ढीग करतो. पहिला ढीग आपल्या हातचा: हरवणं, फाटणं, इस्त्रीने जळणं, दुसऱ्या कपड्याचा रंग लागणं, आपल्याकडे ओला राहून वास किंवा बुरशी येणं. याची भरपाई द्यायचीच, वाद नाही. दुसरा ढीग कपडा सोबत घेऊन येतो. आपल्या भागात पावसाळ्यात यातले चार प्रकार सारखे दिसतात.

काळ्या मातीचा चिखल हा त्यातला सोपा. गिऱ्हाइकाने घाईघाईत ओला घासला नसेल तर तो पूर्ण वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, मग थंड पाण्यातून काढून धुवायचा. ओला चिखल घासला की मातीचे बारीक कण धाग्यात शिरतात आणि पांढऱ्या पायजम्यावर कायमची राखट झाक राहते. रावेर-यावलकडचे कपडे आले की केळीचा चीक आलाच. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी होतो, आणि एकदा तपकिरी झाला की फार तर फिका पडतो. त्याची हमी मी चोवीस वर्षांत कधी दिली नाही. तिसरे बुरशीचे काळे ठिपके. पांढऱ्या सुती कपड्यावर ब्लीचने जातात, रंगीतवर ब्लीच करायला गेलं तर रंगच आधी जातो.

चौथा प्रकार बघायला वेळ लागतो, आणि भांडण त्यावरच होतं. रेशमी साडीवर पावसाचे थेंब पडले की साडीला दिलेली खळ पाण्याबरोबर थोडी सरकते आणि थेंबाच्या कडेला वर्तुळ जमतं. ‘नुसतं पाणीच तर पडलंय’ म्हणून गिऱ्हाईक त्याकडे लक्ष देत नाही. साडी ओली असताना वर्तुळ दिसत नाही, वाळल्यावर उठतं. त्याचाच भाऊ म्हणजे सरबताचा किंवा चहाचा डाग. वाळल्यावर दिसेनासा होतो, आत साखर राहते, आणि आपण स्टीम किंवा इस्त्री दिली की ती करपून पिवळट-तपकिरी उठते. तेव्हा गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की देताना डाग नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांना तो खरंच नव्हता. म्हणून साडी दारात घेताना पोराने ती उजेडाकडे तिरपी धरायची आणि सरळ विचारायचं, ‘ही पावसात भिजली होती का? काही सांडलं होतं का?’ उत्तर पावतीवर लिहायचं, संशयाच्या जागेचा फोटो काढायचा आणि तो त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. संध्याकाळी दुकानात येऊन काढलेला फोटो निम्म्या किमतीचा, कारण तोवर साडी आपल्या ताब्यात आलेली असते.

भरपाई किती? आपल्याकडे बऱ्याच पावत्यांवर धुलाईच्या दहापट लिहिलेलं असतं आणि रोजच्या कपड्यांना ते चालून जातं. पण तुमची धुलाई किलोवर आहे. अडीचशे ग्रॅमच्या शर्टाची किलोने धुलाई 20 रुपये, दहापट म्हणजे 200. बाराशेचा शर्ट जाळून 200 रुपये हातावर ठेवले तर कोण ऐकून घेईल? म्हणून किलोने आलेल्या कपड्यालाही भरपाईपुरता नगाचा दर धरा. नगाने शर्ट 50 रुपये असेल तर 500 द्या. वापरलेल्या शर्टाला ते ठीक आहे.

भारी कपड्याला मात्र दहापट हा नियमच चुकतो. 18,000 ची पैठणी, ड्रायक्लीन 350, दहापट 3,500. हे वाचून कोणतीही बाई पैठणी तुमच्या पोराच्या हातात देणार नाही, आणि देऊ नयेच. माझ्या दुकानात 5,000 वरचा कपडा असेल तर किंमत आणि घेतल्याचं साल पावतीवर लिहून घेतो, दोघांची सही होते. पहिल्या वर्षाला लिहिलेल्या किमतीच्या 80 टक्के, दुसऱ्याला 60, त्यापुढे 40, हा आमचा आमचा ठरवलेला हिशेब आहे, तुम्ही तुमचा ठरवा. मग मागच्या वर्षी घेतलेल्या त्या पैठणीला, म्हणजे दुसऱ्या वर्षात, 10,800 होतात. रक्कम मोठी आहे, म्हणून अशा साड्या मी पावसात बाईकवर पाठवत नाही, रिक्षाने आणतो किंवा दुकानात आणून द्यायला सांगतो. जरीचं वेगळं सांगतो: दमट कपाटात ती काळवंडते आणि ड्रायक्लीनने ती उजळत नाही. ते आधी सांगा, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो.

तक्रारीची मुदत ‘24 तास’ ठेवणारे दुकानदार मला पटत नाहीत. पावसात रात्री आठला पिशवी मिळाली, घरात लाईट नाही, ती बाई कधी बघणार? तीन दिवस द्या. त्यापुढे मात्र वास-बुरशीची तक्रार घेऊ नका, कारण तोवर कपाटातली ओलही त्यात आलेली असते.

आता कॅप्शन. वरच्या दोन ओळीच लोक वाचतात, बाकी ‘आणखी’ दाबल्यावर उघडतं, म्हणून काय आणि कधी हे त्या दोनमध्येच आलं पाहिजे. इमोजींचा पाऊस नको, हॅशटॅग दोन पुरेत. पाच किलोच्या पिशवीवर फेरीचा खर्च निघतो असं धरून मी किमान 5 किलो लिहिलंय, तुमचं गणित वेगळं असेल तर बदला.

> तीन दिवस दोरीवर, तरी कपडे ओलेच? पिशवी बांधून ठेवा, आम्ही न्यायला येतो.
> धुऊन, मशीनवर वाळवून, घडी घालून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरपोच.
>
> 5 किलो आणि वर: नेणं-आणणं फुकट, धुलाईवर 20 टक्के सूट (80 ऐवजी 64 रुपये किलो). वजन कपडे वाळल्यावर करतो, पाण्याचे पैसे घेत नाही.
> इस्त्रीसह चौथ्या दिवशी. ड्रायक्लीन दहाव्या दिवशी, त्यावर सूट नाही.
> सोमवारी नेलं तर तिसरा दिवस म्हणजे बुधवार.
>
> कपडे तुमच्यासमोर मोजतो, डाग किंवा फाटलेलं दिसलं तर तिथेच फोटो पाठवतो.
> आमच्याकडून हरवलं, फाटलं, जळलं, रंग लागला किंवा ओलं राहून वास आला तर जबाबदारी आमची: वास असेल तर पुन्हा धुलाई फुकट, नुकसान असेल तर त्या कपड्याच्या नगाच्या दराच्या दहापट भरपाई. 5,000 रुपयांवरचा कपडा असेल तर किंमत पावतीवर लिहून घ्या, भरपाई त्या किमतीवरून आणि कपड्याच्या वयावरून.
> केळीचा चीक, जुनी बुरशी, गंज आणि रेशमावरचे पावसाचे डाग निघतीलच असं सांगता येत नाही. प्रयत्न करू, नाही निघाले तर तसं सांगू.
> तक्रार कपडे मिळाल्यापासून तीन दिवसांत.
>
> रोज सहाच घरं घेतो. आजची भरली की उद्याचा नंबर देतो. फक्त देवपूर आणि धुळे शहर. ऑफर 31 ऑगस्टपर्यंत.

‘पाण्याचे पैसे घेत नाही’ ही ओळ हसून वाचली जाईल, असू द्या. ‘डाग हमखास जाणार’, ‘नव्यासारखे कपडे’, ‘शहरात सर्वात स्वस्त’ असलं काही त्यात घालू नका. पहिलं खोटं ठरतं आणि शेवटचं सिद्ध करता येत नाही. शेवटची तारीख काढू नका, तारीख नसलेली ऑफर दिवाळीतही कोणीतरी स्क्रीनशॉट काढून दाखवतं. व्हॉट्सॲपवर एवढं मोठं नको, तिथे पहिल्या दोन ओळी, किलोची ओळ आणि ‘भरपाईचे नियम विचारा’ एवढं ठेवा. कोणी विचारलं तर हाच मजकूर पाठवा, तोंडी वेगळं सांगू नका.

एक मेसेज आधीच लिहून फोनमध्ये ठेवा, कारण तो लागणारच आहे. पांझरा नदीला पूर येऊन पलीकडे जाता आलं नाही किंवा दुपारभर लाईट गेली, तर दुपारी 4 च्या आत सगळ्यांना जाऊ द्या: ‘आज लाईट नसल्याने तुमचे कपडे पूर्ण वाळलेले नाहीत. ओले देत नाही. उद्या संध्याकाळी 7 पर्यंत आणून देतो.’ 4 वाजता आलेला हा मेसेज लोक समजून घेतात, रात्री 9 ला आला तर नाही. आणि लागोपाठ दोन दिवस तो पाठवावा लागला तर तिसऱ्या दिवशी नव्या पिशव्या घेऊ नका, आधी मागचं वाळवा.